नऊ, बारा, पंधरा

दहावीला पायथागोरसच्या प्रमेयाचा धडा आला की त्रिकुटांचं सूत्र येतंच. a आणि b या दोन नैसर्गिक संख्या घ्यायच्या, a मोठी. मग a² + b², a² − b² आणि 2ab या तिघांचं मिळून पायथागोरसचं त्रिकुट होतं. २ आणि १ घेतले तर ५, ३, ४. ३ आणि २ घेतले तर १३, ५, १२. मुलं वर्ग करून बघतात, बेरीज जुळते, वहीत चौकट आखून सूत्र उतरवून घेतात आणि आम्ही पुढच्या उदाहरणाकडे वळतो. तेवीस वर्षं मी हे असंच शिकवत आले. त्या दिवशी मात्र एक वाक्य जास्तीचं बोलून गेले. "जगातली सगळी त्रिकुटं या एका सूत्रातून निघतात," म्हणाले.

तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "बाई, मग नऊ-बारा-पंधरा कसं काढायचं?"

मी फळ्याकडे वळले. कर्ण १५, म्हणजे दोन वर्गांची बेरीज १५ यायला हवी. १ घेतला तर उरतात १४, ४ घेतले तर ११, ९ घेतले तर ६. यातला एकही वर्ग नाही. ८१ आणि १४४ मिळून २२५ होतात हे तर खरंच. त्रिकुट खरं, आणि सूत्रातून ते येत नाही.

तिला हे कुठून सुचलं ते मी नंतर विचारलं. तिचे वडील गवंडी आहेत. प्लॉटवर आखणी करताना कोपऱ्याच्या खुंटीपासून एका दोरीवर नऊ फूट मोजून खूण करायची, दुसऱ्या दोरीवर बारा फूट, आणि दोन खुणांमध्ये टेप धरायचा. पंधरा फूट भरले की कोपरा गुण्यात आला, मग फक्की मारायची. सुट्टीच्या दिवशी टेपचं दुसरं टोक धरायला ती जाते. पुस्तकातलं तीन-चार-पाच तिला माहीत होतंच, पण तिच्या घरचं त्रिकुट नऊ-बारा-पंधरा होतं आणि ते फळ्यावरच्या यादीत नव्हतं.

"अगं, ती तीन-चार-पाचची तिप्पट आहे," मी म्हणाले. हे उत्तर बरोबर होतं. पण ती खाली बसली नाही. "मग बाई, असंही एखादं असेल ना, जे सूत्रातनं येत नाही आणि कशाची पटही नाही?"

त्याचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं. सूत्रातून निघालेलं प्रत्येक त्रिकुट खरं असतं, हे मी एका ओळीत सिद्ध करून दाखवू शकत होते. पण प्रत्येक खरं त्रिकुट सूत्रातून, किंवा त्याच्या पटीतून, निघतंच, ही वेगळी गोष्ट आहे. ती मी कधी सिद्ध केली नव्हती, कुणी मला सिद्ध करून दाखवली नव्हती, आणि तरी मी ती वर्गात ठामपणे सांगून मोकळी झाले होते. "उद्या सांगते," म्हणाले. प्रत्यक्षात आठ दिवस लागले.

पहिली पायरी तिच्याच उदाहरणाने सुचवली. नऊ-बारा-पंधरा आणि तीन-चार-पाच हे आकाराने एकच त्रिकोण आहेत, फरक फक्त लहान-मोठेपणाचा. मग तो फरक पुसूनच टाकावा. तिन्ही बाजूंना कर्णाने भागायचं. ९/१५ आणि १२/१५, म्हणजे ३/५ आणि ४/५, कर्ण १. तीन-चार-पाचला ५ ने भागलं तरी तेच हाती येतं. पाच-बारा-तेराचे होतात ५/१३ आणि १२/१३. आता कर्ण सगळ्यांचा १ असल्यामुळे या जोड्या x² + y² = 1 या समीकरणात बसतात. म्हणजे आरंभबिंदूभोवती त्रिज्या १ घेऊन वर्तुळ काढलं, तर पूर्णांक बाजूंचा प्रत्येक काटकोन त्रिकोण त्या वर्तुळावर एका बिंदूच्या रूपाने येऊन बसतो. त्या बिंदूचे दोन्ही निर्देशक परिमेय असतात. उलट, वर्तुळाच्या पहिल्या चरणात दोन्ही निर्देशक परिमेय असलेला बिंदू मिळाला, की छेद सारखे करून त्यातून पूर्णांक त्रिकुट तयार होतं. मुलीचा प्रश्न आता असा झाला: या वर्तुळावरचे सगळे परिमेय बिंदू कसे गाठायचे?

आलेख कागदावर दहा सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढून मी त्याच्याकडे बराच वेळ बघत बसले होते. वर्तुळ नुसतं बघून काही कळत नाही. परिमेय बिंदू त्यावर जागोजागी विखुरलेले आहेत, आणि त्यांच्यामध्ये अपरिमेय बिंदू त्याहून दाट आहेत. त्यातून वेचून काढणार कसे? पण चार बिंदू न शोधताच हातात असतात, अक्षांवरचे. त्यांतला डावीकडचा (−1, 0) धरायचा. तिथे खुंटी ठोकली आहे आणि तिला दोरी बांधली आहे असं समजायचं. दोरी ताणून फिरवली की ती वर्तुळाला आणखी एका ठिकाणी छेदते. दोरी कशी धरली आहे ते एकाच संख्येने सांगता येतं, ती म्हणजे तिचा चढ. चढाला t म्हटलं, तर दोरीचं समीकरण असं:

y = t(x + 1)

t = 1/2 घेऊन बघू. y च्या जागी (x + 1)/2 घातलं की वर्तुळाचं समीकरण x² + (x + 1)²/4 = 1 असं होतं. छेद काढून मांडलं की:

5x² + 2x − 3 = 0

हे वर्गसमीकरण, म्हणून दोन मुळं. सूत्र लावून सोडवता येईल, पण सोडवायची गरजच नाही. एक मूळ आपल्याला आधीच माहीत आहे, x = −1, कारण खुंटी वर्तुळावरच आहे आणि दोरी तिथूनच निघाली आहे. मुळांची बेरीज −2/5, हे नववी-दहावीचं मूल सांगेल. मग दुसरं मूळ −2/5 + 1, म्हणजे 3/5. आणि y = (1/2)(8/5) = 4/5. तीन, चार, पाच.

इथे मी पेन्सिल खाली ठेवली. साधारणपणे वर्गसमीकरण सोडवलं की वर्गमूळ येतं आणि वर्गमूळ आलं की परिमेय संख्यांचं बोट सुटतं. या समीकरणात मात्र ते येऊच शकत नाही. चढ परिमेय असेल तर समीकरणाचे सहगुणक परिमेय, म्हणून मुळांची बेरीज परिमेय. त्यातलं एक मूळ −1. बेरजेतून ते काढून घेतल्यावर जे उरतं ते परिमेयच राहणार, त्याला दुसरा मार्गच नाही. दोरी कुठल्याही परिमेय चढाने ताणा, ती वर्तुळाला परिमेय बिंदूतच भेटते.

आणि मुलीला हवी होती ती उलटी बाजू तर याहून सोपी निघाली. समजा कुणी कुठूनही एक परिमेय बिंदू (x, y) आणला. तो खुंटीला जोडा. दोरीचा चढ y/(x + 1), परिमेय भागिले परिमेय, म्हणजे परिमेय. तो बिंदू आपल्या दोरीच्या फेऱ्यात सापडतोच. वर्तुळावरचा एकही परिमेय बिंदू सुटत नाही. अपवाद फक्त खुंटीचा स्वतःचा, कारण तिथे पोचायला दोरी उभी, वर्तुळाला स्पर्श करत धरावी लागते आणि उभ्या रेषेला चढ नसतो. त्या बिंदूतून त्रिकोणही होत नाही, त्यामुळे तो गेल्याचं आपल्याला दुःख नाही.

आता t हे अक्षर तसंच ठेवून तेच गणित केलं की

x = (1 − t²)/(1 + t²), y = 2t/(1 + t²)

आणि t = m/n लिहिलं, छेद काढले की बाजू n² − m² आणि 2mn, कर्ण n² + m². पुस्तकातलं चौकटीतलं सूत्र! तेवीस वर्षं आकाशातून पडल्यासारखं जे मी फळ्यावर लिहीत होते, ते एका खुंटीतून आणि एका दोरीतून आलेलं होतं. a आणि b या दोन वेगळ्या संख्या नव्हत्याच, तो एका चढाचा छेद आणि अंश होता.

एक गोष्ट मला अडकवून गेली, ती सांगते, कारण हे करून बघणारा प्रत्येक जण तिथे अडकेल. चढ 1/3 घेतला. n² − m² = 8, 2mn = 6, n² + m² = 10. आठ-सहा-दहा. 1/3 ला संक्षिप्त रूप दिलेलं आहे, अंश-छेदात सामाईक काही नाही, तरी उत्तरात २ चा सामाईक अवयव आला. आधी वाटलं कुठेतरी चुकलं. मग 1/5 घेतला, 24, 10, 26. परत २. 3/5 घेतला, 16, 30, 34. परत २. आणि 2/3, 1/4, 2/5 घेतले तर नाही येत. अंश आणि छेद दोन्ही विषम असले की येतो, एक सम एक विषम असला की नाही. कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. n² − m² आणि n² + m² या दोघांना भागणारा अवयव त्यांच्या बेरजेला आणि वजाबाकीलाही भागतो, म्हणजे 2n² ला आणि 2m² ला. m आणि n मध्ये सामाईक काही नसेल तर उरतो फक्त २, आणि २ ने भाग जायला दोघंही विषम असायला हवेत. भागून टाकलं की आठ-सहा-दहाचं चार-तीन-पाच होतं. पुन्हा तोच त्रिकोण, फक्त आडवी बाजू उभी झाली. दोरी 1/2 वर धरली की (3/5, 4/5), 1/3 वर धरली की (4/5, 3/5). प्रत्येक त्रिकोण असा दोनदा भेटतो, एकदा सम-विषम चढावर आणि एकदा विषम-विषम चढावर. म्हणून एकेकदाच मोजायचे असतील तर एक सम, एक विषम घ्यायचा, सामाईक अवयव नसलेला; तसं केलं की कशाची पट नसलेलं प्रत्येक त्रिकुट नेमकं एकदा येतं आणि बाकी सगळी त्यांच्या पटीत. मुलीला आता उत्तर देता येत होतं. सूत्रातूनही येत नाही आणि कशाची पटही नाही, असं त्रिकुट नाही.

ते उत्तर दिलंही. पण मला इथून पुढे जे सापडलं त्यासाठीच हा लेख लिहायला बसले.

आमच्याकडे लीलावतीची एक जुनी प्रत आहे. भास्कराचार्यांनी शके १०७२ मध्ये, म्हणजे ११५० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी सिद्धांतशिरोमणी पुरा केला, त्याचा हा अंकगणिताचा भाग. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. शाळेच्या सहलीत पाटणादेवीला मुलांना घेऊन मी तीनदा गेले आहे आणि दर वेळी भास्कराचार्यांचं नाव सांगून पुढे धबधब्याकडे वळले आहे. त्यांनी नेमकं काय केलं ते एक उदाहरण घेऊन सांगावं, असं कधी सुचलं नाही. या वेळी क्षेत्रव्यवहाराचं प्रकरण उघडलं आणि एक उदाहरण समोर आलं: भुज बारा आहे. कोटी आणि कर्ण किती प्रकारचे होतील ते लवकर सांग, पण ते अकरणीगत हवेत. भुज आणि कोटी म्हणजे काटकोनाच्या दोन बाजू. करणी म्हणजे ज्याचं वर्गमूळ नीट निघत नाही ती संख्या. अकरणीगत, म्हणजे जिच्यात करणी नाही ती. आपण ज्याला परिमेय म्हणतो तेच.

नियम असा. एक संख्या मनाने घ्यायची, तिला ते इष्ट म्हणतात. भुजाला इष्टाच्या दुपटीने गुणायचं, इष्टाच्या वर्गातून एक वजा करून आलेल्या संख्येने भागायचं. ती कोटी. कोटीला इष्टाने गुणून त्यातून भुज वजा करायचा. तो कर्ण.

इष्ट २ घेतलं: बारा चोक अठ्ठेचाळीस, भागिले तीन, कोटी १६, सोळा दुणे बत्तीसातून बारा गेले, कर्ण २०. इष्ट ५ घेतलं: बारा दाहे एकशे वीस, भागिले चोवीस, कोटी ५, पंचवीसातून बारा गेले, कर्ण १३. आणि इष्ट ३ घेतलं: बारा सक बाहत्तर, भागिले आठ, कोटी ९, सत्तावीसातून बारा गेले, कर्ण १५.

नऊ, बारा, पंधरा. मुलीच्या वडिलांचं त्रिकुट.

मी ते नियमाचे शब्द पुन्हा वाचले. शेवटची पायरी: कर्ण म्हणजे इष्टपट कोटीतून भुज वजा. म्हणजे कर्ण अधिक भुज बरोबर इष्ट गुणिले कोटी. दोन्ही बाजूंना कर्णाने भागून बघा. भुज/कर्ण म्हणजे आपला x, कोटी/कर्ण म्हणजे y, आणि इष्टाला k म्हणू. मिळतं काय?

1 + x = k·y

ही आपली दोरी आहे. y = (1/k)(x + 1). खुंटी (−1, 0) वर, चढ 1/k. इष्ट ३ म्हणजे 1/3 चढाची दोरी. लीलावतीत या नियमापाशी वर्तुळ नाही, निर्देशक अक्ष नाहीत. x-y चे अक्ष यायला आणखी पाचशे वर्षं जायची होती. पण इष्ट म्हणून जी संख्या मनाने घ्यायला सांगितली आहे ती नेमकी दोरीच्या चढाची व्यस्त संख्या आहे.

आणि करणी का येत नाही, त्याचं कारणही तिथे तसंच बसलेलं आहे. कोटीला y नको म्हणू या, नुसतं 'को' म्हणू, कर्ण म्हणजे k·को − १२. पायथागोरस लावला की (k·को − १२)² = को² + १२². उजवीकडे १४४ आहेत, डावीकडचा वर्ग उलगडला की तिथेही १४४ निघतात, दोन्ही कटतात. उरलेल्या प्रत्येक पदात 'को' आहे, त्याने भागलं की समीकरण एकघाती होतं आणि वर्गमूळ काढायचा प्रसंगच येत नाही. १४४ कटणं आणि 'को'ने भाग जाणं, हेच दोरीच्या भाषेत खुंटी वर्तुळावर असणं. एक मूळ आधीच माहीत होतं, तेच इथे भागून बाहेर गेलं.

अलेक्झांड्रियाच्या डायोफँटस या प्राचीन ग्रीक गणितज्ञाचंही एक उदाहरण याच घाटाचं आहे. १६ या वर्गाचे दोन वर्ग करायचे. तो एका वर्गाची बाजू x धरतो आणि दुसऱ्याची 2x − 4. तो ४ सोळाचं वर्गमूळ असल्यामुळेच घेतलेला. दोन्हीकडचे १६ कटतात, 5x² = 16x उरतं, x = 16/5, दुसरी बाजू 12/5. चढ २ ची दोरी, खुंटी (0, −4) वर. पुढे सतराव्या शतकात फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने डायोफँटसच्या पुस्तकाच्या समासात, घनाचे असे दोन घन होत नाहीत ही आपली प्रसिद्ध टीप लिहिली, ती याच उदाहरणाशेजारी.

नियम जिथे थांबतो त्या जागाही दोरीवरून दिसतात. इष्ट १ घेतलं तर इष्टाच्या वर्गातून एक जाऊन शून्य उरतं आणि भाग देता येत नाही. का? चढ १ ची दोरी वर्तुळाला (0, 1) मध्ये भेटते. तिथे भुज शून्य आहे, आणि शून्य लांबीच्या भुजाला कितीही पट केली तरी बारा होत नाही. इष्ट ७ घेतलं तर कोटी साडेतीन आणि कर्ण साडेबारा येतो. परिमेय आहे, पूर्णांक नाही. दुप्पट केलं की सात-चोवीस-पंचवीस. आणि बारा भुजाचं आणखी एक पूर्णांक त्रिकुट आहे, १२-३५-३७, ते इष्ट पूर्णांक घेऊन कधीच मिळणार नाही. (३७ + १२)/३५ म्हणजे 7/5, तेवढं इष्ट घ्यावं लागतं. भास्कराचार्य लगेच खाली दुसरा प्रकार देतात त्यातून ते सहज येतं: १४४ ला २ ने भागा, ७२, बहात्तरातून दोन वजा करून निम्मे, ३५, दोन मिळवून निम्मे, ३७. एक बाजू बारा असलेली पूर्णांक त्रिकुटं एवढीच चार, पाच-तेरा, नऊ-पंधरा, सोळा-वीस आणि पस्तीस-सदतीस.

खुंटी मात्र असावी लागते. त्रिज्येचा वर्ग ३ असलेलं वर्तुळ घेतलं, x² + y² = 3, तर त्यावर एकही परिमेय बिंदू नाही. पूर्णांकात मांडलं तर a² + b² = 3c². कुठल्याही वर्गाला ३ ने भागलं की बाकी ० किंवा १ उरते, म्हणून दोन वर्गांच्या बेरजेला ३ ने भाग जायचा तर दोघांनाही जायला हवा. मग a आणि b तिनाच्या पटीत, त्यातून c ही तिनाच्या पटीत, आणि सगळ्यांना ३ ने भागून पुन्हा तिथेच येतो. असं कितीही वेळा भागता येणारी पूर्णांक संख्या शून्याखेरीज नसते. त्या वर्तुळावर दोरी हवी तशी फिरवा, बांधायलाच जागा नाही. त्रिज्येचा वर्ग २ असेल तर (−1, −1) वर बांधता येते आणि बिंदूंची रांग लागते, (1/5, 7/5) त्यातलाच एक.

वर्गात हे सांगताना मी आलेख कागदावर टाचणी टोचून खरा दोरा बांधला होता. मुलांनी आपापले चढ निवडले. तिसऱ्या बाकावरच्या मुलीने मागितलं की दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या असाव्यात, कारण तिच्या वडिलांना खोल्या चौरसाकडे झुकणाऱ्याच मिळतात. बाजू सारख्या म्हणजे बिंदू पंचेचाळीस अंशांवर. खुंटीपाशी होणारा कोन केंद्रापाशी होणाऱ्या कोनाच्या निम्मा, म्हणजे साडेबावीस अंश, आणि त्याचा चढ √2 − 1, सुमारे 0.4142. हा अपरिमेय आहे, म्हणून अगदी सारख्या बाजूंचं पूर्णांक त्रिकुट मिळणार नाही. पण जवळ जाता येतं. 2/5 म्हणजे 0.4: त्यातून २१, २०, २९. 5/12 म्हणजे 0.4166: त्यातून ११९, १२०, १६९. हे दुसरं पाहून मी चपापले, कारण न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्लिम्प्टन ३२२ नावाची जी सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीची बाबिलोनी मातीची वीट आहे, तिच्या पहिल्या ओळीत ११९ आणि १६९ हेच आकडे कोरलेले आहेत.

मुलीने २०-२१-२९ एका चिठ्ठीवर लिहून घेतलं.

रविवारी तिच्या वडिलांनी निरोप पाठवला, बाईंना वेळ असेल तर प्लॉटवर या म्हणावं. गेले. वीस बाय एकवीसची खोली होती. त्यांनी नेहमीप्रमाणे नऊ-बारा-पंधरा धरून कोपरा गुण्यात घेतलेला, दोऱ्या ताणलेल्या, फक्की अजून मारायची होती. "पोरगी म्हणती एकोणतीस भरायला पाहिजे," ते म्हणाले. एका दोरीवर वीस फुटाला खूण केली, दुसरीवर एकवीसला. टेपचं एक टोक मुलीने धरलं, दुसरं त्यांनी. ओणवे होऊन त्यांनी आकडा वाचला. एकोणतीस फूट आणि वर सहा सूत, म्हणजे पाऊण इंच.

"पंधराला बरोबर भरलं होतं," ते म्हणाले. पुन्हा पंधराचा टेप धरून बघितला. या वेळी अंगठा बाजूला घेऊन, डोळा टेपपाशी नेऊन. तीन सूत जास्त. तेवढं दोरीच्या जाडीत आणि टेपच्या ढिलाईत जातं, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरं होतं. मी घरी येऊन हिशोब केला. कोपरा तेवढाच उघडा असेल तर तीन-चार-पाचच्या कर्णात एक सूत दिसतो, नऊ-बारा-पंधराच्यात तीन आणि वीस-एकवीस-एकोणतीसच्यात सहा. वर्तुळावर तीन-चार-पाच आणि नऊ-बारा-पंधरा एकच बिंदू आहेत, तिथे लहान-मोठेपणा आम्ही मुद्दाम पुसला होता. गवंड्याला मात्र तोच लागतो.

त्यांनी एकवीसच्या दोरीची खुंटी उपटली, इंचभर आत घेतली, पुन्हा ठोकली. दोरी ताणून बांधली, खूण पुन्हा मोजून घेतली. मुलीने टेपचं टोक परत वीसच्या खुणेवर दाबून धरलं आणि त्यांनी पलीकडून हाक मारली.

"एकोणतीस."

मग त्यांनी फक्कीची पाटी जवळ ओढली.